विश्लेषण : मागचे टायर रुंद, पुढचे अरुंद... मग ‘रोटेशन’ का होत नाही?

कार्टर रोडवरून उत्तरेकडे येत राहिले की खारदांडा कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्या सुरू होतात. तिथे वेग आपोआप कमी होतो आणि एरवी डोळ्यांसमोरून सुसाट निघून जाणारी स्पोर्ट्‌स कार निवांत पाहायला मिळते. अशी गाडी पुढे गेल्यावर मागून नीट पाहा. मागचे टायर पुढच्यांपेक्षा चांगलेच रुंद दिसतात. हा नजरेचा भास नाही. अनेक स्पोर्ट्‌स कार आणि काही जर्मन सेडान गाड्यांना कारखान्यातूनच पुढे एका आणि मागे दुसऱ्या मापाचे टायर बसवलेले असतात. याला ‘स्टॅगर्ड सेटअप’ म्हणतात.

नवी स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्याला सहसा टायरची चिंता करावी लागत नाही. प्रश्न आता वेगळ्या लोकांपुढे आहे. अशाच मापांची पाच-सात वर्षे वापरलेली सेडान सेकंडहँड बाजारातून घेणारे मध्यमवर्गीय ग्राहक वाढले आहेत. आधीच्या हॅचबॅकवर दर सर्व्हिसिंगला टायर रोटेशन करून घ्यायची त्यांची सवय असते. या गाडीवर ती सवय चालत नाही. त्यामुळे केवळ खर्च वाढतो असे नाही, पावसाळ्यात धोकाही वाढतो. तो कसा, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

स्टॅगर्ड सेटअप म्हणजे नेमके काय?

कल्पना आपल्या ओळखीचीच आहे. ट्रॅक्टरची पुढची चाके लहान आणि मागची मोठी असतात. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० या मोटरसायकलला पुढे १९ इंची आणि मागे त्याहून रुंद १८ इंची टायर असतो. बुलेटचा पुढचा टायर मागे टाकून द्या, असे कुणी गॅरेजवाल्याला सांगत नाही. कारची चारही चाके सारखी असतात हे मात्र आपण गृहीत धरून बसलो आहोत.

मराठी वाचकाला चटकन आठवेल अशी या प्रकारची गाडी म्हणजे सचिन तेंडुलकरची लाल फेरारी ३६० मोडेना. २००२ साली सचिनने कसोटीत सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केली. त्यानिमित्त फियाटने दिलेली ही गाडी मायकल शूमाकरच्या हस्ते सिल्व्हरस्टोनला त्याला भेट देण्यात आली. पुढच्या वर्षी तिच्या सीमाशुल्काच्या माफीवरून वाद झाला आणि २०११ मध्ये सचिनने ती विकली. त्या काळात गाडीबद्दल भरपूर लिहिले गेले, पण तिच्या टायरकडे फारसे कुणी पाहिले नाही.

या मॉडेलला पुढे २१५/४५ झेडआर १८ आणि मागे २७५/४० झेडआर १८ हे टायर असतात. हे आकडे वाचायला सोपे आहेत. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरच्या बाजूची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नसून रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत.

आता साधे गणित करू. पुढच्या टायरच्या बाजूची उंची २१५ च्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे ९७ मिमी. ती वर एकदा आणि खाली एकदा धरायची आणि त्यात १८ इंची रिमचे ४५७ मिमी मिळवायचे. पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६५१ मिमी येतो. मागच्या टायरच्या बाजूची उंची २७५ च्या ४० टक्के, म्हणजे ११० मिमी. त्याचा व्यास सुमारे ६७७ मिमी. म्हणजे रिम दोन्हीकडे १८ इंचीच असली तरी मागचे चाक २६ मिमीने उंच आहे. एक किलोमीटर जाताना पुढचे चाक सुमारे ४८९ वेळा फिरते, तर मागचे सुमारे ४७०. रिमची रुंदीही वेगळी आहे. पुढची साडेसात इंच, मागची दहा इंच.

मागेच रुंद टायर कशासाठी?

फेरारी ३६० चे इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या पुढे असते. गाडीच्या एकूण वजनापैकी निम्म्याहून बरेच अधिक वजन मागच्या चाकांवर पडते. इंजिनाची सगळी ताकदही मागच्याच चाकांकडे जाते. चालकाने अॅक्सिलरेटर दाबला की गाडीचा भार आणखी मागे सरकतो. म्हणजे मागच्या टायरना एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. गाडी पुढे ढकलायची आणि वळणावर ती बाहेर सरकू द्यायची नाही.

इथे टायरचा एक स्वभाव समजून घ्यावा लागतो. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. त्यामुळे चारही टायर सारखे ठेवले आणि मागे जास्त वजन टाकले, तर वळणावर मागची पकड आधी सुटते. रुंद टायर लावून ही तूट भरून काढली जाते.

पुढचे टायर अरुंद ठेवण्यालाही कारण आहे. ती चाके डावी-उजवीकडे वळतात, त्यामुळे त्यांना मडगार्डच्या आत फिरायला जागा लागते. स्टिअरिंग हलके राहते, रस्त्याचा अंदाज हाताला नीट लागतो.

आणखी एक उद्देश सुरक्षेचा आहे. पकड सुटायचीच असेल तर ती आधी पुढची सुटावी, अशी रचना कंपन्या करतात. पुढची पकड सुटली की गाडी वळायचे सोडून सरळ जायला लागते. बहुतेक चालक घाबरून अॅक्सिलरेटर सोडतात, वेग कमी होतो आणि पकड परत येते. मागची पकड आधी सुटली तर गाडीचे मागचे अंग बाहेर फेकले जाते आणि ती स्वतःभोवती फिरते. त्या क्षणी उलट स्टिअरिंग मारून गाडी सावरणे सराव नसलेल्या माणसाला जवळपास अशक्य असते.

रोटेशन मुळात का करतात?

चार चाकांची कामे वेगवेगळी असल्यामुळे टायर सारखे झिजत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे जाते. गाडी ओढणे, वळवणे आणि ब्रेकचा मोठा भार घेणे हे सगळे पुढचेच टायर करतात, म्हणून ते लवकर झिजतात. आठ-दहा हजार किलोमीटरनंतर पुढचे टायर सरळ मागे नेतात आणि मागचे डावे-उजवे अदलाबदल करून पुढे आणतात. आळीपाळीने सगळ्यांना सारखे काम मिळते आणि चारही टायर साधारण एकाच वेळी संपतात.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्टॅगर्ड गाडीत सामान्यतः मागचे टायर आधी झिजतात. म्हणजे रोटेशनची खरी गरज इथेच आहे आणि इथेच ते करता येत नाही.

पुढचे चाक मागे लावले तर काय बिघडते?

फेरारीचेच उदाहरण पुढे नेऊ. समजा, कुणी रिमसकट चाके बदलली. दहा इंच रुंदीची मागची रिम पुढे लावली की तिचा आतला किंवा बाहेरचा भाग जागेत मावत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवताना किंवा खड्ड्यात सस्पेन्शन दबताना टायर आतल्या अस्तराला घासतो. रिमचे ‘ऑफसेट’, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिची हबवर बसणारी बाजू किती दूर आहे ते अंतर, पुढे आणि मागे वेगळे ठेवलेले असते. बोल्ट बसले म्हणजे चाक बसले, असे इथे होत नाही.

मग रिम जागेवर ठेवून फक्त टायर बदलले तर? २७५/४० मापाच्या टायरला साधारण ९ ते ११ इंच रुंदीची रिम चालते. साडेसात इंची रिमवर त्याच्या दोन्ही कडा आवळल्या जातात आणि मधला भाग फुगीर होऊन तेवढाच रस्त्याला टेकतो. उलट २१५/४५ च्या टायरला ७ ते ८ इंची रिम लागते. दहा इंची रिमवर तो ताणला जातो आणि खड्ड्यात त्याची कड रिमवरून सुटण्याची भीती राहते.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो आणि चाक किती वेगाने फिरते हे तो सतत संगणकाला कळवतो. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल याच माहितीवर चालतात. या गाडीची पुढची चाके मागच्यांपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त वेगाने फिरणार, हे संगणकाला माहीत असते. चाके उलटी बसवली तर तीच पुढची चाके ४ टक्के हळू फिरू लागतात. म्हणजे अपेक्षेपेक्षा एकूण ८ टक्क्यांचा फरक. संगणकाचा समज होतो की मागची चाके घसरून नुसतीच गरगरत आहेत, आणि गरज नसताना तो इंजिनाची ताकद तोडू लागतो.

आणि हे सगळे जमवले तरी मूळ प्रश्न उरतोच. रुंद टायर पुढे गेल्यामुळे जास्त पकड पुढे आणि कमी पकड मागे, अशी नेमकी उलटी गाडी तयार होते.

मग डावे-उजवे तरी बदलता येतात का?

काही वेळा येतात. पण कोणते टायर बदलता येतात आणि त्यातून काय साधते, हे टायरच्या नक्षीवर ठरते. उत्तर टायरच्या बाजूलाच छापलेले असते.

पहिला प्रकार दिशा ठरलेल्या टायरचा. त्यावर ‘रोटेशन’ असा शब्द आणि एक बाण असतो. टायर त्याच दिशेने फिरला पाहिजे. असे चाक रिमसकट डावीकडून उजवीकडे नेले तर ते उलटे फिरेल आणि पाणी बाहेर फेकण्यासाठी काढलेल्या खाचा नीट काम करणार नाहीत. ते बदलायचे तर टायर रिमवरून उतरवून, पलटून दुसऱ्या बाजूच्या रिमवर चढवावा लागतो. यात मेहनत आहे, पण फायदाही आहे. टायर पलटल्यामुळे आतली कड बाहेर येते. मागची चाके वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतील, तर आतली कड जास्त झिजते. ती झीज अशा पलटण्याने दोन्ही कडांवर वाटली जाते.

दुसरा प्रकार आत-बाहेर ठरलेल्या टायरचा. त्यावर एका बाजूला ‘आउटसाइड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘इनसाइड’ लिहिलेले असते. दिशेचे बंधन नसेल तर हे चाक रिमसकट डावीकडून उजवीकडे नेता येते. मात्र इथे अनेकांची गल्लत होते. चाक दुसऱ्या बाजूला गेले तरी टायरची आतली कड आतच राहते. त्यामुळे आतल्या कडेची झीज या अदलाबदलीने अजिबात थांबत नाही. टायरची फिरण्याची दिशा तेवढी बदलते, आणि नक्षीच्या ठोकळ्यांना करवतीच्या दातांसारखी एकीकडून झीज होऊन गाडीचा आवाज वाढला असेल, तर तो कमी व्हायला मदत होते.

तिसरा प्रकार दोन्ही बंधने असलेला. दिशाही ठरलेली आणि आत-बाहेरही ठरलेले. अशा टायरला गाडीवर एकच जागा असते. तो तिथेच बसतो आणि तिथेच संपतो.

थोडक्यात, स्टॅगर्ड गाडीत पुढे-मागे अदलाबदल कधीच नाही आणि डावे-उजवे जमले तर जमले. मागची जोडी पुढच्या जोडीच्या आधी झिजणार, यावर त्यातला कोणताही उपाय चालत नाही.

पावसाळ्याचा यात काय संबंध?

इथे मुंबईचा मुद्दा येतो. ओल्या रस्त्यावर टायरला समोरचे पाणी खाचांमधून बाजूला सारावे लागते. ते जमले नाही की टायर आणि रस्ता यांच्यात पाण्याचा थर शिरतो आणि टायर अक्षरशः तरंगू लागतो. पकड जवळजवळ शून्य होते. याला अॅक्वाप्लेनिंग म्हणतात.

टायर जितका रुंद, तितके जास्त पाणी त्याला सारावे लागते. समजा, रस्त्यावर ३ मिमी पाणी आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर जात आहे. २२५ मिमी रुंद टायरच्या वाटेत दर सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी येते. २५५ मिमीच्या टायरपुढे ते १७ लिटर होते. एक मोठी बादली एका सेकंदात रिकामी करण्यासारखे हे काम आहे आणि ते प्रत्येक टायरला सतत करायचे असते. नवीन टायरच्या खाचा साधारण ८ मिमी खोल असतात. त्या झिजून ३ मिमीवर आल्या की पाणी निघून जायला वाट फारच कमी उरते.

चारही टायर सारखे असलेल्या गाडीत सरळ रस्त्यावर एक सोय असते. पुढचे टायर पाणी सारून वाट काढतात आणि मागचे त्याच वाटेवरून येतात. स्टॅगर्ड गाडीत मागचा टायर रुंद असल्याने त्याचा काही भाग पुढच्या टायरने न सारलेल्या पाण्यावरून जातो. म्हणजे मागचा टायर जास्त रुंद, जास्त झिजलेला आणि त्याला मोकळी वाटही अपुरी. पाण्यावर तो आधी तरंगण्याची शक्यता वाढते. आणि मागचे टायर आधी तरंगले की काय होते, ते आपण वर पाहिले. गाडी फिरते. त्यातही वाईट म्हणजे पुढचे टायर चांगले असल्याने स्टिअरिंगवर हाताला आधी काहीच इशारा मिळत नाही.

म्हणूनच टायरच्या धंद्यात एक सर्वमान्य सल्ला आहे. दोनच नवे टायर घेतले असतील तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. स्टॅगर्ड गाडीत हा सल्ला आपोआप मोडला जातो. तिथे कमी झिजलेले टायर नेहमी पुढे असतात आणि ते मागे नेता येत नाहीत.

एक उदाहरण : १८ इंची चाके आणि जून महिना

समजा, खारदांड्यातल्या एका तरुणाने सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३ सिरीज घेतली. या गाडीच्या काही आवृत्त्यांना पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८ टायर असतात. मघाचेच गणित केले तर पुढच्या चाकाचा व्यास सुमारे ६६० मिमी आणि मागच्याचा ६६१ मिमी येतो. फेरारीसारखा उंचीतला फरक इथे नाहीच. फक्त रुंदी वेगळी आहे. बाजूने पाहिले तर चारही चाके सारखीच वाटतात.

मे महिन्याच्या शेवटी तो गाडी टायरच्या दुकानात नेतो. चारही टायर नवे असल्यापासून गाडी १५ हजार किलोमीटर चालली आहे, असे धरू. दुकानदार मोजतो. पुढे साडेपाच मिमी, मागे ३ मिमी. “दादा, मागचे जरा बसलेत. पुढे-मागे फिरवून देतो, हा पावसाळा निघेल,” असे तो म्हणतो. त्याचा हेतू वाईट नाही. चाके १८ इंची, बोल्ट तेच, उंची तीच. पण इथेही रिमची रुंदी आणि ऑफसेट पुढे-मागे वेगळे आहेत, आणि रुंद टायर पुढे नेल्याने पकडीचा तोल उलटा होतो. त्यामुळे उत्तर ‘नको’ हेच.

चारही टायर एकाच मापाचे असते आणि वेळेवर रोटेशन झाले असते, तर तीच एकूण झीज वाटली जाऊन चारही टायर सुमारे सव्वाचार मिमीवर असते. तेवढ्यात पावसाळा काढता आला असता. आता पुढे साडेपाच आणि मागे तीन, ही पावसासाठी वाईट जोडी आहे.

कायदा त्याला अडवणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरची खाच किमान १.६ मिमी असायला हवी. मागचे टायर अजून त्याच्या वर आहेत. पाच मिमी झिजायला १५ हजार किलोमीटर लागले, तर उरलेले १.४ मिमी झिजायला आणखी सुमारे चार हजार किलोमीटर लागतील. म्हणजे कागदोपत्री हे टायर दिवाळीपर्यंतही चालतील. पण मध्ये जून ते सप्टेंबर आहे आणि घराजवळच सी-लिंक आहे. त्याला आता कोस्टल रोड जोडला गेल्याने मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० चा वेग गाठणे शहराच्या आतही रोजचे झाले आहे. पूर्वी मुंबईची कोंडीच अशा टायरना सांभाळून घेत होती. या रस्त्यांवर ती सांभाळून घेईलच असे नाही.

त्याने काय करावे? पावसाआधी मागची जोडी बदलावी. पुढची राहू द्यावी. उरलेल्या चार हजार किलोमीटरचे रबर वाया गेले असे वाटेल, पण ती या सेटअपची किंमत आहे आणि गाडी घेतानाच ती हिशेबात धरायला हवी.

अशी गाडी असेल किंवा घेणार असाल तर काय तपासावे?

आधी चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरचा स्टिकर पाहा. त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरची मापे आणि हवेचे दाब दिलेले असतात. मापे वेगळी असतील तर गाडी स्टॅगर्ड आहे. मग प्रत्यक्ष टायरवरचे आकडे त्याच्याशी जुळवा. आधीच्या मालकाने पैसे वाचवायला भलत्या मापाचे टायर टाकलेले असू शकतात. हवेचा दाबही पुढे-मागे वेगळा असू शकतो, तेव्हा पंपावर ‘चारही चाकांत सारखीच भरा’ असे सांगू नका.

खाचांची खोली मोजायला डेप्थ गेज नावाचे छोटे साधन मिळते. प्रत्येक टायरवर बाहेरची कड, मध्य आणि आतली कड अशा तीन ठिकाणी मोजा. आतली कड उभ्याने दिसत नाही. मोबाइल चाकामागे खाली धरून फोटो काढला तर ती लगेच दिसते. बाहेरून चांगला वाटणारा टायर आतून गुळगुळीत झालेला असणे हा या गाड्यांमधला नेहमीचा प्रकार आहे. तसे आढळले तर टायर बदलण्याआधी व्हील अलाइनमेंट तपासून घ्या. नाहीतर नवी जोडीही तशीच जाईल.

टायरचे वयही पाहा. बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. कमी फिरणाऱ्या गाडीत खाचा शाबूत असतात, पण रबर कडक झालेले असते.

टायर बदलताना एका आसावरची जोडी एकदम बदला आणि पुढे-मागे शक्यतो एकाच कंपनीची एकच नक्षी ठेवा. काही टायरवर गाडीच्या कंपनीने मान्यता दिल्याची खूण असते. पोर्शसाठी इंग्रजी ‘एन’ अक्षर आणि त्यापुढे आकडा, बीएमडब्ल्यूसाठी तारा, फेरारीसाठी ‘के’. ती खूण असलेला टायर त्या गाडीवर तपासलेला असतो. पंक्चरचाही विचार करून ठेवा. एकच स्टेपनी दोन मापांना पुरत नाही, म्हणून यातल्या अनेक गाड्यांत स्टेपनी नसतेच. रनफ्लॅट टायर किंवा पंक्चर किट यावर काम भागवावे लागते.

चारही टायर सारखे केले तर?

काही मॉडेलच्या पुस्तिकेत चारही चाकांना एकच माप हा पर्यायही कंपनीने दिलेला असतो. तसा असेल तर तो विचार करण्याजोगा आहे. रिमसकट तो संच घेतला की रोटेशन पुन्हा शक्य होते. मागची पकड थोडी कमी होते, पण रोजच्या शहरी वापरात ती क्वचितच कामी येते. मात्र पुस्तिकेत नसलेले माप दुकानदाराच्या सांगण्यावरून बसवू नये. इंजिन मागे किंवा मध्ये असलेल्या गाड्यांत तर हा खेळ नकोच. तिथे मागची रुंदी शोभेसाठी नसून वजन पेलण्यासाठी असते.

मग नियम कोणता पाळायचा?

आपल्याकडे टायर कधी बदलायचा याची दोनच मापे प्रचलित आहेत. ‘किती किलोमीटर झाले?’ आणि ‘अजून पट्टी आली नाही ना?’ पट्टी म्हणजे खाचांच्या तळाशी असलेली झिजेची खूण. चारही टायर सारखे झिजणाऱ्या गाडीला ही मापे ढोबळमानाने चालून जातात. स्टॅगर्ड गाडीला ती पुरत नाहीत, कारण तिथे धोका पुढच्या आणि मागच्या खाचांच्या फरकातही असतो आणि तो फरक पट्टी दाखवत नाही.

म्हणून अशा गाडीच्या मालकांनी किलोमीटरपेक्षा कॅलेंडर पाहावे. मेच्या शेवटच्या आठवड्यात मागची जोडी मोजावी. ती ३ मिमीच्या आसपास असेल आणि पुढची तिच्यापेक्षा ठळकपणे चांगली असेल, तर १.६ ची वाट न पाहता मागची जोडी बदलावी. सेकंडहँड गाड्या विकणाऱ्यांनीही वाहनाच्या तपासणी अहवालात ‘टायर ६० टक्के’ असा एकच सरसकट आकडा न देता पुढची आणि मागची खोली वेगवेगळी, आतल्या कडेसह लिहावी. या उदाहरणातल्या गाडीचे पुढचे टायर साडेपाचवर आणि मागचे तीनवर आहेत. सरासरी काढली तर सव्वाचार येते आणि खरेदीदाराला सगळे ठीक वाटते. पावसात मात्र गाडी सरासरीवर चालत नाही, ती मागच्या तीन मिलिमीटरवर चालते.